छत्तीस रुपये रोज

इंदुरात उधारी मागता येते. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. सियागंजातल्या एखाद्या व्यापाऱ्यानं महिनाभर मागितली नाही, तर लोक त्याच्या तब्येतीची चौकशी करतात. पण व्याजाचं नाव काढा! समोरचा छातीवर हात ठेवतो आणि दुखावल्या आवाजात म्हणतो, "भाऊसाहब, घरवालों से ब्याज?" घरचेच असूनही पैसे का देत नाहीत, हे विचारायची सोय राहत नाही, कारण तोवर कचोरी आलेली असते.

सांवेर रोडवर माझं छोटं वर्कशॉप आहे. कन्व्हेयरचे रोलर बनवतो. शेव-मिक्स्चरच्या एका कारखान्याला 1,46,000 रुपयांचा माल दिला. कारखान्याचं नाव सांगत नाही, त्यांची शेव घरी अजून येते. अट साधी होती: माल पोचल्यापासून 30 दिवसांत पैसे, उशीर झाला तर दरसाल 18 टक्के सरळ व्याज, दिवसांच्या हिशेबानं. माल 6 एप्रिलला पोचला, म्हणजे मुदत 6 मेपर्यंत. 31 मेला निम्मे, 73,000 आले. उरलेल्यांसाठी "बस, दो दिन." या दोन दिवसांत जून अर्धा सरला, पहिला पाऊसही पडून गेला.

पत्र लिहायचं ठरलं आणि घरात दोन मसुदे तयार झाले. बाबांचा "आपल्या कृपादृष्टीच्या छायेत" असा सुरू होऊन "सवडीनुसार विचार व्हावा" असा संपत होता. मधे व्याज हा शब्दच नव्हता. "आपल्या घराण्यात कोणी व्याज मागितलेलं नाही," असं त्यांचं म्हणणं. घराण्यात कोणी कारखानाही काढला नव्हता, पण ते असो. दुसरा मसुदा भाच्याचा. त्यात पहिल्याच ओळीत "कठोर कारवाई" होती आणि 2006चा लघुउद्योगांचा कायदा अख्खा उतरवलेला होता.

भाचा खोटं बोलत नव्हता. लघुउद्योग म्हणून आमची सरकारकडे उद्यम नोंदणी आहे. त्या कायद्यानं खरेदीदाराशी ठरवून घेतलेली मुदतही 45 दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि पैसे थकले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ होत, व्याज लागतं. पण पहिल्याच पत्रात हे काढलं की पत्र शेठजींच्या टेबलावरून उठतं आणि त्यांच्या वकिलाकडे जाऊन निवांत बसतं. मला पैसे शेठजींकडून हवे होते. आयकराचंही तसंच. छोट्या उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही, हा नियम 2023-24पासून आहे. त्यामुळे मार्चअखेरीस ज्यांना आपण कधी फोन करत नाही त्यांचेही फोन येतात. जूनमध्ये त्याची भीती कोणाला नाही, कारण वर्ष संपायच्या आत पैसे दिले की वजावट मिळते.

मग मी कपाटातून फाइल काढली. अशा पत्रात विशेषणं मऊ ठेवावीत आणि आकडे कडक. माझ्या बिलाच्या मागे बारीक अक्षरात व्याजाची अट छापलेली आहे, पण तिच्यावर मी फार भार टाकत नाही. बिल मालासोबत जातं, सौदा त्याआधी ठरलेला असतो. समोरचा सहज म्हणू शकतो, हे आम्ही कधी मान्य केलं? माझ्याकडे ऑर्डर पक्की करतानाचं पत्र होतं. त्यात कलम 7मध्ये व्याजाची अट होती आणि खाली त्यांच्या परचेसवाल्याची सही-शिक्का. पत्रात त्याचाच हवाला दिला.

नंतर तारीख. बिल 4 एप्रिलचं, त्यांच्या गेटवरचा इनवर्डचा शिक्का 6 तारखेचा. भाच्याला ते दोन दिवस हवे होते. पण अट माल पोचल्यापासूनची होती. आणि दोन दिवसांवरून भांडण लावून दिलं की त्या भांडणाला दोन महिने पुरतात. अकाउंट्सवाल्याला असं भांडण म्हणजे आयती सुट्टी. चलानाची शिक्का मारलेली प्रत पत्राला जोडली.

उरला हिशेब. 1,46,000वर 18 टक्के म्हणजे वर्षाला 26,280, दिवसाला बरोबर 72 रुपये. 6 मे ते 31 मे असे 25 दिवस: 1,800. पुढे निम्मीच रक्कम उरली, म्हणून दिवसाला 36. ते 30 जूनपर्यंत 30 दिवस: 1,080. एकूण 2,880. आलेले 73,000 मी सगळे मुद्दलातच धरले होते, तेही लिहिलं. नाहीतर दोन्ही वह्यांत बाकी वेगवेगळी दिसते. व्याजाचा आकडा आजचा दिला नाही, पुढच्या तारखेचा दिला. आजचा आकडा पत्र पोचेपर्यंत शिळा होतो आणि मग "नया हिसाब भेजो" ऐकावं लागतं.

या व्याजावर जीएसटीही लागतो, हे सांगितल्यावर बाबा खुर्चीत बसले. उशिराचं व्याज मालाच्या किमतीतच धरतात, त्यामुळे मालाचाच 18 टक्के दर त्यालाही: 518 रुपये 40 पैसे. त्यासाठी डेबिट नोट काढावी लागते. आपल्याला तो कर व्याज हातात आल्यावरच भरायचा असतो, आणि खरेदीदाराला त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे त्याच्या स्वतःच्या जीएसटीतून तेवढी रक्कम वजा होते. ही शेवटची गोष्ट पत्रात जरूर लिहावी. क्रेडिट म्हटलं की इंदूरचा माणूस पत्र पुन्हा वाचतो.

पत्र हिंदीत गेलं. मराठीत साधारण असं:

"आपला आमचा व्यवहार जुना आणि चांगला आहे. बिलातील 73,000 रुपये मिळाले, आभारी आहोत. उरलेले 73,000 आणि ऑर्डरच्या कलम 7प्रमाणे व्याज 2,880 अधिक जीएसटी 518.40, असे एकूण 76,398.40 रुपये 30 जूनपर्यंत जमा करावेत. त्यानंतर मुद्दल फिटेपर्यंत व्याजात रोज 36 रुपये आणि त्यावरचा कर वाढेल. हिशेब व चलान सोबत आहे. हिशेबात काही फरक वाटल्यास 27 तारखेपर्यंत कळवावे."

खाली सही, उद्यम क्रमांक, बस. कायद्याचं नाव नाही. ज्याला समजायचं त्याला क्रमांक पुरतो.

26 तारखेला शेठजींचा फोन. "भिया, छत्तीस रुपये रोज? इतने का तो मैं पोहा खा जाता हूं." मी म्हटलं, खाऊन घ्या, पण इथलं व्याजही चालू आहे. ते हसले. मग म्हणाले, मुद्दल आजच टाकतो, ब्याज छोड़ो. इथे "बरं, बघू" म्हणायचा फार मोह होतो. आणि तेच पुढच्या बिलाला वहिवाट म्हणून समोर येतं. सोडायचंच असेल तर तेवढ्या बिलापुरतं सोडलं, अट कायम, असं लिहून सोडावं. मी म्हटलं, मुद्दल आज टाकलंत तर चार दिवसांचे 144 कमी करतो, नवी डेबिट नोट पाठवतो.

त्याला ते कबूल झाले. सूट मिळाली ना! व्याज 2,736, त्यावर कर 492.48, एकूण 3,228.48. संध्याकाळी मुद्दल आलं, दोन दिवसांनी 3,228.

बाबांनी पासबुक चष्म्याजवळ नेलं, दोनदा पाहिलं आणि विचारलं, "वरचे अठ्ठेचाळीस पैसे?"