राक्षस वगळला तर कथेचं काय होतं?

वाचकाची प्रतिक्रिया: “दर भागात नवा राक्षस आणणाऱ्या मालिकांवरचा तुमचा लेख पटला नाही. दर आठवड्याला नवा राक्षस म्हणजे २२ एपिसोडचा सीझन भरायला घातलेलं भरताड. मुख्य कथा आठ भागांत सांगून होते. मी असे एपिसोड सरळ स्किप करतो, काहीही अडत नाही.”

नमस्कार,

भरताड असतंच. ‘द एक्स-फाइल्स’च्या दुसऱ्या सीझनमध्ये एफबीआय एजंट स्कलीचं अपहरण होतं, ‘वन ब्रेथ’मध्ये ती मरणाच्या दारातून परत येते आणि लगेच पुढच्या भागात ज्वालामुखीवरच्या प्रकरणाचा तपास करायला हजर होते. तिच्यावर एवढं गुजरलं, त्याचा त्या प्रकरणाशी काही संबंधच लागत नाही. असा भाग तुम्ही स्किप केलात तर माझी हरकत नाही.

पण ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’च्या दुसऱ्या सीझनमधला एकोणिसावा भाग (१९९८) बघाच. वरवर ती शाळेतली भुताची गोष्ट आहे. १९५५ साली जेम्स या विद्यार्थ्याने, प्रेमसंबंध तोडणाऱ्या आपल्या शिक्षिकेला, ग्रेसला, गोळी घातली आणि मग स्वतःलाही संपवलं. आता त्यांचे आत्मे भेटेल त्याच्या अंगात शिरून तोच प्रसंग पुन्हा घडवतात. दर वेळी ग्रेस मरते, त्यामुळे जेम्सला माफ करायला कोणी उरतच नाही.

आता मुख्य कथा आठवा. व्हॅम्पायरांची शिकार करणाऱ्या बफीसोबतच्या एका रात्रीनंतर तिच्या व्हॅम्पायर प्रियकराचा, एंजलचा, आत्मा गेला, तो क्रूर अँजेलस झाला आणि त्याने बफीचा मार्गदर्शक जाइल्स याच्या प्रेयसीला, जेनीला, मारलं. बफी स्वतःला दोष देतेय, म्हणूनच जेम्सला माफी मिळू नये असं ती इतक्या चिडून म्हणते. जाइल्सला तर ते भूत जेनीचंच वाटतं. एकच भूत, पण जो तो त्यात आपली जखम बघतो.

शेवटी जेम्स बफीच्या अंगात येतो आणि ग्रेस अँजेलसच्या. म्हणजे ज्याने घात केला त्याच्या तोंडी माफी, आणि जिला माफी हवी आहे तिच्या हातात पिस्तूल. ती गोळी झाडते, तो खाली कोसळतो. पण व्हॅम्पायर गोळीने मरत नाही! तो उठून येतो, म्हणून ग्रेसला पहिल्यांदाच बोलता येतं आणि फेरा तुटतो. हा तोडगा मुख्य कथेने पुरवलाय. अँजेलसच्या जागी दुसरं कुणी असतं तर आणखी एक मुडदा पडला असता.

मी कुठलाही भाग याच कसोटीवर घासून बघते: राक्षसाचा उलगडा मुख्य कथेवाचून होऊ शकतो का? होत असेल तर दोन्ही नुसते शेजारी ठेवलेत, मिसळलेले नाहीत.

आणि स्किप करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. याच भागाच्या अगदी शेवटी, कोणी बघत नसताना, अँजेलसचा साथीदार व्हॅम्पायर स्पाइक व्हीलचेअरवरून उठून उभा राहतो. आपल्याला ते कळतं, अँजेलसला कळत नाही. सीझनच्या शेवटी स्पाइक त्याच्यावर उलटतो, तेव्हा हा भाग गाळलेला प्रेक्षक अँजेलसइतकाच बेसावध असतो.