एका पानातली एपिडेमिऑलॉजी आणि बासुंदीची पंगत

«मामा, एवढं पाठ केलं तर भागेल ना? सगळ्यांनी हेच फॉरवर्ड केलंय:
पीएसएममधलं एपिडेमिऑलॉजीचं अख्खं प्रकरण एका पानात!
१. कोहॉर्ट म्हणजे पुढे बघायचं, केस-कंट्रोल म्हणजे मागे बघायचं, क्रॉस-सेक्शनल म्हणजे आत्ताचं बघायचं.
२. ऑड्स रेशो आणि रिलेटिव्ह रिस्क एकच. सूत्र कुठलंही लावा.
३. बायस टाळायचा तर सँपल मोठं घ्या.
४. आरसीटी नसेल तर तो पुरावाच नाही.»

नाही भागणार. ज्यानं कुणी हे पान बनवलं त्यानं प्रकरण लहान करताना त्यातला जीवच काढून टाकलाय. तिसऱ्या मुद्द्यावर तर हात जोडावेसे वाटतात. चारही मुद्दे एकाच उदाहरणावर घासून बघू.

चोपड्याकडच्या एका लग्नाची पंगत धर. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून ठरवलेले आहेत. २०० माणसं जेवली. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी सगळ्यांनी खाल्ली. बासुंदी मात्र १२० जणांनी घेतली, ८० जणांनी नाही. वैशाखातली दुपार, आटवलेलं दूध चार-पाच तास मंडपामागे झाकून ठेवलेलं. स्टॅफिलोकॉकसला एवढं पुरतं. त्याचं विष एकदा दुधात तयार झालं की नंतर उकळूनही जात नाही, आणि खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात. आजारी कुणाला म्हणायचं ते आधी ठरवून घ्यायचं: जेवल्यापासून ८ तासांत किमान एक उलटी झालेला. या व्याख्येनं बासुंदी घेतलेल्यांपैकी ६० आणि न घेतलेल्यांपैकी १० जण आजारी निघाले.

आता पहिला मुद्दा. आरोग्य पथक दोन दिवसांनी गावात आलं, यजमानाच्या वहीतून पाहुण्यांची यादी घेतली आणि दोनशेच्या दोनशे जणांना विचारलं, बासुंदी घेतली होती का, उलटी झाली का? बासुंदीही होऊन गेलेली, उलटीही होऊन गेलेली. सगळं मागेच बघणं चाललंय, तरी हा कोहॉर्टच आहे, रेट्रोस्पेक्टिव्ह कोहॉर्ट. पुढे बघतोस की मागे, यावर अभ्यासाचं नाव ठरत नाही. माणसं कशावरून निवडलीस त्यावर ठरतं. खाल्लं-न खाल्लं असे गट पाडून दोन्हींत आजार मोजला तर कोहॉर्ट. उलट यादीच नाही, ग्रामीण रुग्णालयात दाखल झालेले ७० जण तेवढे हाताशी आहेत, आणि त्यांच्या जोडीला त्याच पंगतीतले काही धडधाकट लोक शोधून दोघांनाही विचारलं, तर केस-कंट्रोल.

क्रॉस-सेक्शनलबद्दल पान फारसं चुकत नाही, पण त्यातली खोच सांगत नाही. जिनिंगमध्ये एका दिवशी जाऊन किती कामगारांना खोकला आहे ते मोजलं, तर त्या दिवसाचा प्रिव्हॅलन्स मिळतो. पण कापसाच्या धुळीनं ज्यांची छाती भरली ते कधीच काम सोडून घरी बसलेले असतात. ते मोजणीत येतच नाहीत, आणि जिनिंग आहे त्यापेक्षा निरोगी दिसते.

दुसरा मुद्दा. बासुंदी घेतलेल्यांचा धोका १२० पैकी ६०, म्हणजे ५० टक्के. न घेतलेल्यांचा ८० पैकी १०, म्हणजे १२.५ टक्के. भागाकार केला की रिलेटिव्ह रिस्क ४. वजाबाकी केली की ३७.५ टक्के, हा रिस्क डिफरन्स: बासुंदी घेतलेल्या दर शंभरात साधारण ३७ जण बासुंदीपायी आजारी पडले. ही वजाबाकी मुलं हमखास विसरतात, आणि गावाला खरं तर तीच समजते.

ऑड्समध्ये आजारी भागिले धडधाकट असं करायचं. घेतलेल्यांत ६० ला ६०, न घेतलेल्यांत १० ला ७०. ऑड्स रेशो येतो ७. पंगत तीच, माणसं तीच, एक आकडा ४ आणि दुसरा ७. «बासुंदीनं धोका सातपट झाला» असं पेपरात लिहिलंस तर ते चूक आहे.

मग ऑड्स रेशो हवाच कशाला? केस-कंट्रोलमध्ये दुसरं काही धड काढताच येत नाही म्हणून. धडधाकट माणसं एकूण १३०: ६० बासुंदीवाले, ७० बिनबासुंदीवाले. समजा त्यातले निम्मेच कंट्रोल म्हणून घेतले, म्हणजे ३० आणि ३५. आता कुणी भोळेपणानं रिलेटिव्ह रिस्कचं सूत्र लावलं, तर ९० पैकी ६० आणि ४५ पैकी १०, उत्तर ३. एक पंचमांश कंट्रोल घेतले, म्हणजे १२ आणि १४, तर उत्तर २. म्हणजे बासुंदी किती घातक हे आपण किती धडधाकट लोकांना गाठलं त्यावर ठरायला लागलं! तेच आकडे ऑड्स रेशोत घाल. निम्मे घे, पाचवा हिस्सा घे, दोन्ही वेळा उत्तर ७ च. म्हणून केस-कंट्रोलला ऑड्स रेशो. यात पाठ करण्यासारखं काही नाही, एकदा पेनानं करून बघ.

पानाची बाजू थोडीफार घ्यायचीच तर एवढी: आजार दुर्मिळ असला की दोन्ही आकडे जवळ येतात. दहा हजारांत ४० विरुद्ध दहा हजारांत १० असेल, तर रिलेटिव्ह रिस्क ४ आणि ऑड्स रेशो ४.०१. पण पंगतीत निम्मी माणसं लोळतायत, तिथं ही सवलत नाही.

आता तो तिसरा. बायस म्हणजे उत्तर एकाच बाजूला ओढणारी चूक. हे वाक्य नुसतं चूक नाही, उलटं आहे.

वरचाच केस-कंट्रोल घे: ७० आजारी, ६५ कंट्रोल, खरं उत्तर ७. पथक पोचेपर्यंत गावभर झालेलं असतं की बासुंदीच खराब होती. बासुंदी न घेतलेले जे १० आजारी होते, त्यातल्या ५ जणांना आता वाटायला लागतं की आपणही वाटीभर घेतली असावी. खोटं कुणीच बोलत नाही. उलट्यांनी हैराण झालेला माणूस आठवणीत कारण शोधत असतो, आणि ज्याला काही झालंच नाही तो विचार न करता «नाही घेतली» म्हणून मोकळा होतो. हा रिकॉल बायस. आजाऱ्यांचे आकडे ६० आणि १० चे ६५ आणि ५ झाले. कंट्रोल जागेवरच, ३० आणि ३५. ऑड्स रेशो ७ वरून एकदम १५ वर. पाच माणसांच्या आठवणीनं दुप्पट.

पान म्हणतं तसं करू, सँपल दसपट. ६५० आणि ५०, ३०० आणि ३५०. ऑड्स रेशो? तोच, १५. सगळीकडे दहानं गुणलं तर गुणोत्तर हलणार कसं? हलतो तो कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरं उत्तर साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतं तो पट्टा. लहान सँपलचा ९५ टक्के इंटरव्हल साधारण ५.४ ते ४२.६, आणि खरा ७ त्यात बसतो. दसपट सँपलचा साधारण १०.९ ते २१, आणि ७ त्याच्या बाहेर. सँपल लहान होतं तेव्हा निदान खरं उत्तर शक्यतेत तरी होतं. मोठं केलं आणि ते हद्दपार झालं. सँपल वाढवल्यानं योगायोगाची चूक कमी होते. बायस तिथंच राहतो, वर त्याला खात्रीचा शिक्का मिळतो.

मग बायस जातो कसा? विचारण्याच्या पद्धतीनं. «बासुंदी घेतली का?» असा एकच प्रश्न न टाकता पंगतीतला प्रत्येक पदार्थ सगळ्यांना त्याच क्रमानं विचारायचा. विचारणाऱ्याला समोरचा आजारी होता की नाही ते शक्यतो कळू द्यायचं नाही, नाहीतर तो आजाऱ्याला खोदून विचारतो आणि बाकीच्यांना उरकतो. तो इंटरव्ह्यूअर बायस. आणि कंट्रोल त्याच पंगतीतले हवेत. रुग्णालयातल्या शेजारच्या खाटांवरचे घेतले तर ते लग्नाला आलेच नव्हते, मग बासुंदी कुठून घेणार? हा सिलेक्शन बायस.

बायस शिरलाय का हे तपासताही येतं. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरवरचा केस-कंट्रोल प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनाही हीच शंका होती. मुलाखत घेणारीला माहीत आहे की समोर कॅन्सरचा रुग्ण आहे, मग ती सिगारेटी जास्त लिहून घेत नसेल कशावरून? काही रुग्णांना मुलाखतीच्या वेळी कॅन्सर समजलं गेलं होतं आणि नंतर निदान दुसरंच ठरलं. त्यांनी या लोकांच्या सिगारेटी वेगळ्या काढून पाहिल्या. त्या कॅन्सरच्या रुग्णांसारख्या नव्हत्या, कंट्रोलसारख्या निघाल्या. मुलाखतीत पक्षपात झाला असता तर याही लोकांच्या सिगारेटी फुगलेल्या दिसायला हव्या होत्या.

चौथ्या मुद्द्याला तोच अभ्यास पुरे. कॅन्सर झालेल्या ६४९ पुरुषांत सिगारेट न ओढणारे फक्त २, आणि तेवढ्याच कंट्रोल पुरुषांत २७. ऑड्स रेशो १४. मग १९५१ मध्ये त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना पत्रं पाठवली. उत्तर देणाऱ्यांत ३४,४३९ पुरुष डॉक्टर होते आणि त्यांचा कोहॉर्ट ५० वर्षं चालला. आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी १० वर्षं आधी गेले. यात आरसीटी, म्हणजे चिठ्ठ्या टाकून गट पाडणारी चाचणी, कुठंच नाही, आणि होणारही नव्हती. चिठ्ठ्या टाकून निम्म्या लोकांना वीस वर्षं सिगारेट ओढायला कोण लावणार? नासकी बासुंदी तरी कुणाला वाढणार?

आरसीटीचा मान आहे तो कन्फाउंडिंगमुळे, तेवढं कबूल. समजा बासुंदी रात्रीच्या पंगतीलाच जास्त खपली, आणि त्याच पंगतीला पाणीही दुसऱ्या टँकरचं होतं. मग दोष बासुंदीचा की पाण्याचा? चिठ्ठ्यांनी गट पाडले तर असे सगळे घटक, आपल्याला न सुचलेलेसुद्धा, दोन्हीकडे सारखे पडण्याची शक्यता असते. दुसऱ्या कुठल्याही डिझाइनला हे जमत नाही. लग्नघरी मात्र दुपारची पंगत वेगळी, रात्रीची वेगळी करून दोन्हींत रिलेटिव्ह रिस्क काढायचा. दोन्हीकडे ४ च्या आसपास आला तर बासुंदी. दोन्हीकडे १ च्या जवळ घसरला तर टँकरचं पाणी तपासणीला पाठवायचं.