चाळशी आळसाने लागत नाही, आणि प्रोग्रेसिव्ह हा एकच रस्ता नाही

"चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं कारण मोबाइलमुळे डोळ्यांचे स्नायू आळशी होतात. चष्मा लावलात की ते आणखी सुस्तावतात आणि नंबर वाढत जातो. रोज दहा मिनिटं डोळ्यांचा व्यायाम करा, चष्मा सुटेल. नाहीच जमलं तर वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेला प्रोग्रेसिव्ह चष्मा घ्या, दुसरा उपाय नाही. एका डोळ्याला लांबचा आणि दुसऱ्याला जवळचा नंबर देणाऱ्या लेन्सच्या नादी लागू नका, मेंदू गोंधळतो."

हा मेसेज गेल्या महिन्यात मला पाच जणांनी पाठवला, त्यातले तिघे माझ्याकडेच नंबर काढणारे. मी मालवणात डोळे तपासतो. मेसेज वाचून लोक चष्मा काढून ठेवतात आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सुरुवात स्नायूंपासून. डोळ्यातल्या भिंगाभोवती स्नायूंचं एक कडं असतं. ते आवळलं की भिंगाला ताणून धरणारे धागे सैल पडतात, भिंग फुगतं आणि जवळचं स्पष्ट दिसतं. पंचेचाळिशीत हे कडं थकलेलं नसतं. एमआरआयने पाहिलं तर म्हाताऱ्या माणसातही ते आवळताना दिसतं. बदललेलं असतं ते भिंग. या भिंगावर जन्मभर नवे थर चढत राहतात आणि जुने कधी गळून पडत नाहीत, त्यामुळे आतला गाभा दाबला जाऊन कडक होत जातो. शहाळ्यातली मलई बोटाने दबते, नारळातलं खोबरं दबत नाही, तसंच हे. धागे सैल सोडले तरी भिंग फुगायला तयार नसतं.

डॉन्डर्स या डच डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच वयागणिक भिंग फुगवण्याची ही क्षमता डायॉप्टरमध्ये, म्हणजे चष्म्याचा नंबर ज्या एककात सांगतात त्यात, मोजून ठेवली होती. तेव्हा मोबाइल नव्हता. दहा वर्षांच्या मुलात ती सुमारे 14 डायॉप्टर असते, चाळिशीत साडेचार, पंचेचाळिशीत साडेतीन आणि पन्नाशीत अडीच. म्हणजे ऱ्हास लहानपणापासूनच चालू असतो, जाणवतो फक्त चाळिशीनंतर. 40 सेंटिमीटरवर वाचायला अडीच डायॉप्टर लागतात, आणि आपल्याकडे असलेल्या क्षमतेपैकी निम्मीच आपण आरामात वापरू शकतो. पंचेचाळिशीत निम्मी म्हणजे पावणेदोन. तिथे हिशोब तुटतो आणि पत्रिका हातभर लांब जाते.

चष्म्याने नंबर वाढतो असं वाटण्यामागे एक योगायोग आहे. जवळचा नंबर पंचेचाळिशीच्या आसपास +1 असतो आणि साठीपर्यंत सव्वादोन-अडीचवर जातो. चष्मा नेमका याच वर्षांत लागतो, म्हणून दोष त्याच्या माथी येतो. पण आयुष्यात कधी चष्मा न लावलेली माणसं साठीत पहिल्यांदा माझ्यासमोर बसतात, तेव्हा त्यांचाही नंबर तेवढाच निघतो. पुढे भिंगात लवचीकपणाच उरत नाही आणि नंबर थांबतो. मात्र नंबर थोड्या आठवड्यांत वरखाली झाला तर ती चाळशी नव्हे. आधी रक्तातली साखर तपासा.

मग व्यायामाने चष्मा सुटलेली माणसं कोण, असं मला हमखास विचारतात. काहींनी फक्त जागा बदललेली असते. भर दुपारी अंगणात बाहुली बारीक होते, बारीक छिद्रातून पाहिल्यासारखं होतं आणि पंचांगाची अक्षरं दिसतात. तेच पंचांग माजघरात दिव्याखाली दिसत नाही. सत्तरीत अचानक बिनचष्म्याने पेपर वाचू लागलेल्या आजोबांचा बहुतेक वेळा मोतीबिंदू पिकायला लागलेला असतो. त्याने डोळा लघुदृष्टीकडे झुकतो, जवळचं काही काळ सुधारतं आणि लांबचं बिघडतं. तिसरा प्रकार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. काही माणसांचा एक डोळा बिननंबराचा असतो आणि दुसरा उणे दीड-दोनचा. ती एका डोळ्याने समुद्र बघतात, दुसऱ्याने पासबुक वाचतात, आणि बऱ्याचदा तपासेपर्यंत त्यांना हे ठाऊकही नसतं. मेंदू गोंधळत असता तर ही माणसं पन्नास वर्षं होडीवर कशी वावरली असती?

मोनोव्हिजन म्हणजे हीच मांडणी कॉन्टॅक्ट लेन्सने मुद्दाम करणं. एक उदाहरण सविस्तर सांगतो.

बंदराजवळ खानावळ चालवणाऱ्या एक वहिनी, वय 48. लांबचा नंबर दोन्ही डोळ्यांना शून्य, जवळचा +1.50. दुसरीकडून केलेला प्रोग्रेसिव्ह चष्मा घेऊन आल्या होत्या. "भाऊ, माका पायरी हलतासारखी दिसता," म्हणाल्या. प्रोग्रेसिव्हमध्ये जवळचा नंबर काचेच्या तळाशी असतो, त्यामुळे खाली पाहिलं की दीड मीटरवरची पायरी त्या जवळच्या भागातून दिसते आणि पुसट होते. त्यांच्या चष्म्यात आणखी एक चूक होती. काच त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला जुळवलेली नव्हती. तेवढं दुरुस्त केल्यावर पायरी बरीच स्थिर दिसू लागली. प्रोग्रेसिव्हबद्दलच्या पुष्कळ तक्रारी अशा मापाच्याच असतात, म्हणून चष्मा टाकून देण्याआधी माप पुन्हा घ्यावं.

पण दोन गोष्टी माप सुधारून सुटत नव्हत्या. भाताचं झाकण उघडलं की काचा वाफेने पांढऱ्या व्हायच्या. आणि मसाल्याचे डबे डोक्याच्या वर फळीवर होते. वर बघताना काचेचा वरचा भाग समोर येतो आणि तो लांबचा असतो. डब्यावरची चिठ्ठी वाचायला त्यांना मान मागे टाकून हनुवटी आभाळाकडे न्यावी लागे.

जवळची लेन्स कोणत्या डोळ्यात घालायची ते आधी ठरवलं. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यांना दारातून समोरच्या पाटीकडे बघायला सांगितलं आणि +1.50 ची काच एकदा उजव्या, एकदा डाव्या डोळ्यासमोर धरली. उजव्यावर धरताच "नको, धूसर झालं" म्हणाल्या. डाव्यावर धरली तर फरक जेमतेम जाणवला. म्हणजे डावा डोळा जवळचा. तीच काच ट्रायल फ्रेममध्ये घालून त्यांना अर्धा तास फिरायला पाठवलं, दुकानाच्या पायऱ्या चढायला-उतरायला आणि फोनवरची रक्कम वाचायला लावली. चक्कर आली नाही, तेव्हाच लेन्स दिली. लांबचा नंबर नसल्याने लेन्स एकाच डोळ्यात लागली, उजवा मोकळा. ती रोज टाकून द्यायची, म्हणून खर्चही निम्मा.

या वयात हे का जमतं, ते त्यांच्याच आकड्यांवरून दिसतं. त्यांच्या स्वतःच्या भिंगात अजून सुमारे दीड डायॉप्टर आरामात वापरण्याजोगे आहेत. त्यामुळे उजव्या डोळ्याला क्षितिजापासून सुमारे 70 सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट दिसतं, आणि डाव्याला लेन्ससह साधारण 65 पासून 35 सेंटिमीटरपर्यंत. दोन्ही पट्टे जवळजवळ एकमेकांना भिडतात. साठीत स्वतःचं बळ उरत नाही. तेव्हा उजवा फक्त लांबचं बघतो, +2.50 चा डावा 40 सेंटिमीटरच्या आसपासचं, आणि मधल्या अंतरावरचं ताट किंवा कॉम्प्युटर दोघांच्याही हाती लागत नाही. शिवाय दोन डोळ्यांतला फरक एवढा मोठा झाला की बऱ्याच जणांना तो खुपतो. म्हणून मोनोव्हिजन सुरू करायचं तर पंचेचाळीस ते पन्नासच्या आसपास, कमी फरकावर. उशिरा येणाऱ्यांना मी मल्टिफोकल कॉन्टॅक्ट लेन्स आधी लावून बघायला सांगतो. तिच्यात लांबच्या-जवळच्या नंबरांची वर्तुळं एकात एक असतात आणि दोन्ही डोळे एकत्र काम करतात. अंधुक उजेडात मात्र तिची अक्षरं थोडी फिकट वाटतात.

मोनोव्हिजनची किंमत मोजावी लागते आणि मेसेजमधल्या भीतीत तेवढाच खरा धागा आहे. खोलीचा अंदाज कमी होतो, कारण तो दोन्ही डोळ्यांच्या सारख्याच स्पष्ट चित्रांवर अवलंबून असतो. वहिनींनी पहिल्या आठवड्यात दोनदा चहा पेल्याच्या कडेवर ओतला. तिसऱ्या आठवड्यात ते थांबलं. ज्यांचं तीन-चार आठवड्यांतही थांबत नाही, त्यांनी हट्ट न करता लेन्स सोडावी. माडावर चढणारे पाडेली, रात्री घाटात गाडी चालवणारे ड्रायव्हर, हलत्या होडीवरून धक्क्यावर उडी मारणारे खलाशी यांना मी मोनोव्हिजन देत नाही. ज्यांचा एक डोळा लहानपणापासून कमजोर आहे त्यांनाही नाही.

वहिनी पहाटे अंधारात मासळी आणायला स्कूटरवरून जातात. त्यासाठी त्यांना वेगळा चष्मा करून दिला, उजवी काच बिननंबराची आणि डावी −1.50 ची. लेन्स घालून तो चष्मा चढवला की डाव्या डोळ्यातला जवळचा नंबर कापला जातो आणि दोन्ही डोळे लांबचं बघतात. मोनोव्हिजन घेताना हा दुसरा चष्मा मागून घ्याच, बरेच जण तो देत नाहीत.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. लेन्सला विहिरीचं किंवा नळाचं पाणी लावू नका, आणि लेन्स घालून खाडीत वा समुद्रात उतरू नका. या पाण्यात अकँथामीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो लेन्सखाली अडकला तर बुबुळाला जखम करतो आणि ती महिनोन्‌महिने बरी होत नाही. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करून मगच लेन्सला हात लावायचा. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना, तर लेन्स काढायची, टाकून न देता डबीत ठेवायची आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दोन्ही दाखवायचं, डोळा आणि लेन्स.

ज्यांना लेन्स नकोच, पण दिवसभर गल्ल्यावर किंवा शिलाई मशीनवर बसायचं असतं, त्यांच्यासाठी ऑफिस लेन्सचा चष्मा असतो. त्यात जवळचा आणि हातभर अंतराचा भाग रुंद असतो, लांबचं जवळजवळ नसतंच, म्हणून तो घालून रस्त्यावर जायचं नाही. नुसतं वाचायलाच लागत असेल तर साधा जवळचा चष्मा पुरतो.

वहिनींनी प्रोग्रेसिव्ह चष्मा ठेवून दिलाय. गणपतीत गावी गेल्या की लेन्स काढून तोच घालतात. मसाल्याचे डबे अजून वरच्याच फळीवर आहेत.