दारातला मारेकरी आणि कांटची कसोटी

मित्र तुमच्या घरात लपला आहे आणि त्याच्या जिवावर उठलेला मारेकरी दारात येऊन तो कुठे आहे असे विचारतो. या प्रसंगावरून जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटवर एक आक्षेप घेतला जातो:

"कांटच्या मते मारेकऱ्यालासुद्धा मित्राचा ठावठिकाणा खराच सांगितला पाहिजे, कारण सगळेच खोटं बोलू लागले तर जगाचं काय होईल? मित्र मेला तरी चालेल, पण नियम मोडता कामा नये. असली कर्तव्यनीती माणुसकीला सोडून आहे."

या विधानातले "कारण" आधी तपासू. जगाचे काय होईल हा परिणामांचा हिशेब झाला, आणि कांटची सार्वत्रिकीकरणाची कसोटी, म्हणजे आपण ज्या नियमाने वागतो तो सर्वांचा झाला तर टिकतो का हे पाहणे, तो हिशेब मांडत नाही. 1785 मध्ये त्याने दिलेले उदाहरण असे आहे: एखाद्याला पैशांची निकड आहे, परत करता येणार नाहीत हे त्याला माहीत आहे, तरीही तो फेडीचे वचन देऊन कर्ज मागतो. त्याने मनाशी धरलेला नियम सर्वांचा झाला, तर अशा वचनावर कोणीही विश्वास ठेवणार नाही आणि ज्या साधनाने तो पैसे मिळवू पाहतो ते साधनच उरणार नाही. दोष नुकसानीत नसून विसंगतीत आहे: इतरांनी नियम पाळावा याच भरवशावर तो स्वतःसाठी अपवाद करत असतो.

आता हीच कसोटी दारातल्या प्रसंगाला लावू. नियम असा: "खुनासाठी माणूस शोधत आलेल्याशी, त्या माणसाचा जीव वाचवण्यासाठी, मी खोटे बोलेन." सगळेच असे वागू लागले तर मारेकऱ्यांचा कोणाच्याच उत्तरावर विश्वास बसणार नाही, म्हणून हा नियमही बाद होतो, असे प्रथम वाटते. पण अमेरिकन तत्त्वज्ञ क्रिस्टीन कोर्सगार्ड यांनी 1986 च्या लेखात एक साधी गोष्ट दाखवून दिली. मारेकरी "मी खून करायला आलो आहे" असे सांगून चौकशी करत नाही; "त्यांचं पाकीट राहिलं होतं, द्यायला आलोय" असे काहीतरी तो सांगतो. आपला हेतू घरमालकाला कळलेला नाही अशी त्याची समजूत असते. त्यामुळे मारेकऱ्यांशी सगळेच खोटे बोलतात हे ठाऊक असूनही तो या उत्तरावर विश्वास ठेवतो, खोटे आपले काम करते आणि नियम कसोटीला उतरतो. थोडक्यात, ज्या कसोटीच्या नावाने वरचा निष्कर्ष काढला जातो, तीच कसोटी इथे खोटे बोलण्याची मुभा देते.

मात्र मारेकरी हेतू न लपवता, उघड शस्त्र घेऊन आला तर हा युक्तिवाद लागू पडत नाही. वेषांतर केलेल्याशी खोटे चालते आणि उघड आलेल्याशी चालत नाही, हे माझ्या मते कसोटीचे खरे वैगुण्य आहे, आणि टीका करायचीच तर इथे करावी. शिवाय कोर्सगार्ड यांच्याच मते, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये हे कांटचे दुसरे सूत्र याहून कडक आहे. ते दोन्ही प्रसंगी आड येते.

मग कठोर निष्कर्ष आला कुठून? 1797 मध्ये फ्रेंच राजकीय विचारवंत बेंजामिन काँस्तां याने असा मुद्दा मांडला की सत्य सांगण्याचे कर्तव्य फक्त सत्यावर हक्क असलेल्यापुरते असते, आणि मारेकऱ्याला तो हक्क नाही. त्याच वर्षी कांटने दिलेल्या उत्तरात वरची कसोटी चालवलेली नाही; तिथला प्रश्न खोटे बोलण्याचा अधिकार असू शकतो का, हा आहे. त्याचे म्हणणे असे, की सर्व करार माणसांच्या विधानांवर उभे असतात, म्हणून खोटे विधान मारेकऱ्यावर अन्याय करत नसले तरी एकूण मानवजातीवर करते. तेही, जे विधान टाळताच येत नाही त्यापुरते. गप्प राहणे किंवा दार न उघडणे याला त्याची मनाई नाही. (महाभारताच्या कर्णपर्वात, खरे सांगून लपलेल्यांचा जीव घालवणाऱ्या कौशिकाच्या कथेतही कृष्ण आधी मौनाचाच मार्ग सांगतो, बोलल्यावाचून सुटकाच नसेल तर मात्र तो असत्याच्या बाजूने उभा राहतो, आणि तिथे त्याची व कांटची वाट वेगळी होते.) तुम्ही "घरात नाही" म्हणालात, मित्र तेवढ्यात नकळत बाहेर निसटला होता आणि वाटेत मारेकऱ्याच्या हाती लागला, तर त्या मृत्यूची जबाबदारी तुमच्यावर येते, हा कांटचा युक्तिवाद मला लंगडा वाटतो, खरे सांगणाऱ्याला मात्र तो तशाच योगायोगाच्या दोषातून मोकळा करतो.

राहिला "माणुसकीला सोडून" हा आरोप. त्यासाठी रोजच्या व्यवहारातले उदाहरण घेऊ. मित्राच्या मोटारसायकलची धडक बसून कोणी जखमी झाले आहे आणि "त्या वेळी मी तुझ्या घरी होतो असं पोलिसांना सांग" असे तो म्हणतो. इथे विचारणारे पोलीस हेतू लपवत नाहीत. अडचणीतल्या मित्राच्या बाजूने सगळेच खोटी साक्ष देऊ लागले, तर मित्राच्या साक्षीला किंमत उरत नाही आणि माझी साक्षही फुकट जाते. "फक्त याच मित्रासाठी, फक्त याच मंगळवारी" अशी शेपटे नियमाला जोडून सुटका होत नाही, कारण कसोटी लागते ती मी खरोखर ज्या कारणाने वागतो त्या नियमाला, आणि मित्राचे नाव किंवा वार बदलला असता तरी मी तेच केले असते. म्हणजे ही कसोटी माणुसकी सोडायला सांगत नाही; इतरांच्या खरेपणाच्या भरवशावर स्वतःसाठी अपवाद करायला तेवढी ती मनाई करते.