वॉशरच्या टाकीत नळाचं पाणी: एका फॉरवर्डची तपासणी

"डॅशबोर्डवर वॉशरचा पिवळा दिवा लागला की सर्व्हिसवाले उगाच फ्लुइडचे पैसे लावतात. काचच तर धुवायची आहे! नळाचं पाणी ओता, झाकणभर भांड्यांचं लिक्विड टाका. दिवा विझला की काम झालं. ते फ्लुइड बर्फाच्या देशांसाठी, आपल्याकडे गरज नाही."

यातलं खरं तेवढं आधी मान्य करू. हा दिवा इंजिनाच्या धोक्याचा नाही, टाकीत थोडंच उरलंय एवढंच तो सांगतो. घाटात ट्रकने चिखल उडवला आणि टाकी कोरडी असेल, तर बाटलीतलं पिण्याचं पाणी खुशाल ओता. एखाद्या वेळेने काही बिघडत नाही, बिघडतं ते रोजच्या सवयीने.

पाण्याचंच बघू. नोझलचं भोक जेमतेम एखाद्या मिलीमीटरचं, बऱ्याचदा त्याहूनही बारीक. बहुतेक गाड्यांत ते बोनेटवर किंवा त्याच्या मागच्या कडेला असतं, म्हणजे खालून इंजिनाची धग आणि वरून ऊन. प्रत्येक फवाऱ्यानंतर टोकाशी थेंब राहतो, त्यातलं पाणी उडून जातं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे उरतात. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच इथेही चढतो. आधी फवारा तिरका होतो, मग एका बाजूचा नुसता ओघळतो, मग बंद. अशा वेळी वायपरची दांडी ओढून कान द्या. मोटर घरघरते पण पाणी येत नाही, तर नोझल किंवा पंपाच्या तोंडची जाळी तुंबली आहे, नाहीतर नळी निसटली आहे. आवाजच नसेल तर आधी फ्यूज बघा. कोरडी मोटर मात्र चालवत बसू नका, पंपाला आतून थंडावा त्या द्रवाचाच असतो.

भांड्यांच्या लिक्विडने काच चकचकीत होईल असं वाटतं खरं, पण ते बनवलेलं असतं भरपूर पाण्याने खळखळून धुण्यासाठी. काचेवर तेवढं पाणी पडतच नाही. वायपर ते पसरवतो, उन्हात ते वाळतं आणि पातळ पडदा तयार होतो. दिवसा तो जाणवत नाही. रात्री समोरच्या गाडीचा हाय बीम पडला की अख्खी काच धुरकट उजळते. शिवाय फेसामुळे पंपात हवा शिरते आणि फवारा तुटक येतो.

आता दिवा विझण्याबद्दल, कारण खरी फसगत इथेच आहे. काही गाड्यांत टाकीत तरंगता फ्लोट असतो. शेवाळाच्या बुळबुळीत थराने तो वर अडकला, तर टाकी रिकामी होऊनही दिवा लागत नाही. काही गाड्यांत फ्लोटऐवजी दोन धातूच्या पिना असतात आणि द्रवातून वीज वाहते की नाही, यावर पातळी ठरते. इथे उलटा घोळ होतो. क्षार नकोत म्हणून एखाद्याने बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर काठोकाठ भरलं, तरी दिवा तसाच! शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही, म्हणून गाडीला टाकी रिकामी वाटते. सेन्सर बदलायला धावण्याआधी त्यात वॉशरचं कॉन्सन्ट्रेट लेबलवरच्या प्रमाणात घाला. बहुतेकदा दिवा जातो आणि क्षारांचा प्रश्नही उरत नाही.

बर्फाचा मुद्दा अर्धाच आहे. गोठू न देणं हे फ्लुइडचं एक काम, आणि हिवाळ्यात मनाली-लेहसारख्या गोठवणाऱ्या थंडीच्या भागात जाणाऱ्यांनाच ते लागतं. पण तेलकट थर आणि चिकटलेले किडे सोडवणं, टाकीत जंतू वाढू न देणं, ही कामं गरम हवेत जास्तच लागतात. ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, टाकीत नुसतं पाणी वापरणाऱ्या चालकांमध्ये लिजिओनेला जंतूने होणाऱ्या न्यूमोनियाचा धोका जास्त आढळला. हा जंतू साधारण २० ते ४५ अंशांत वाढतो आणि फवाऱ्याच्या तुषारांतून श्वासात जातो. आपल्याकडे बोनेटखालची टाकी वर्षातला बराच काळ त्याच तापमानात असते. म्हणून घाबरून जावं असं नाही, पण "आपल्याकडे गरज नाही" हे उलटं आहे.

फॉरवर्डमध्ये नसलेली, पण याहून वाईट चूक म्हणजे शेजारच्या टाकीसाठीचं कूलंट वॉशरमध्ये ओतणं. ते काचेवर निसरडा थर धरतं आणि वायपरने आणखी पसरतं. तसं झालं असेल तर दांडीला हात लावू नका. पंप टाकीतून ओढून काढा, खाली भांडं धरून सगळं उतरवा, फेस आणि रंग जाईपर्यंत पाण्याने धुवा, मगच फ्लुइड भरा. उतरवलेलं कूलंट पार्किंगमध्ये सांडू देऊ नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात.