लाइट आली, पण फोन गप्प बसला

बाबांनी विहिरीवरच्या स्टार्टरला मोबाइलवर चालणारा कंट्रोलर बसवला. या आठवड्यात थ्री फेज रात्रीची. लाइट आली की अ‍ॅप वाजतं आणि अंथरुणातूनच मोटर सुरू करता येते. परवा रात्री १ वाजून १२ मिनिटांनी लाइट आली. त्याच खात्यावर चालणारा माझा फोन पुण्यात खणखणला. मी कूस बदलून झोपलो. सकाळी बाबांचा फोन, "अरे, मोटर सुरूच झाली नाही, वाफे कोरडे. तुझं अ‍ॅप बोगस आहे!"

त्यांनी अ‍ॅप उघडलं तर यादीत १:१२ ची नोंद व्यवस्थित होती. म्हणजे कंट्रोलर, सर्व्हर, नेट सगळं ठीक. निरोप फोनच्या दारापर्यंत आला, दार कुणी उघडलं नाही.

अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून डोझ नावाची बॅटरी वाचवणारी सोय आहे. फोन चार्जिंगला नसेल, स्क्रीन बंद असेल आणि तो बराच वेळ हलला नसेल, की साधे निरोप मागे ठेवून अधूनमधून एकगठ्ठा दिले जातात. तातडीचा म्हणून पाठवलेला निरोप मात्र यातूनही पोचतो. इथवर माझी तक्रार नाही. पण काही कंपन्या यावर स्वतःची कात्री चालवतात. रात्री अ‍ॅप पूर्ण बंद करून टाकतात, आणि जबरदस्तीने बंद केलेलं अ‍ॅप माणसाने स्वतः उघडेपर्यंत तातडीचा निरोपही घेत नाही. व्हॉट्सअ‍ॅप बरोबर येतं, कारण अशा मोठ्या अ‍ॅप्सना बऱ्याचदा आधीच सूट दिलेली असते. म्हणून माणसाला वाटतं, फोन चांगला आणि हेच अ‍ॅप वाईट.

त्यात बाबांची सवय. झोपताना चालू अ‍ॅप्सची यादी काढायची आणि सगळी झाडून टाकायची. "फोन हलका होतो." काही फोनवर ते झाडणं म्हणजेच अ‍ॅपचा गळा दाबणं.

शनिवारी गावी गेलो. सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या Battery मध्ये Unrestricted केलं. तेवढ्याने भागलं नाही. Autostart वेगळ्याच पानावर होतं, तेही चालू केलं. मग चालू अ‍ॅप्सच्या यादीत त्याला कुलूप लावलं, म्हणजे बाबांच्या झाडूतून ते वाचेल. (ही नावं आणि जागा प्रत्येक फोनमध्ये निराळ्या. काहींत 'झोपलेल्या अ‍ॅप्स'ची यादी असते, तिथून नाव काढावं लागतं.)

पहिली चाचणी मी चार्जर लावूनच घेतली. अ‍ॅप लगेच वाजलं, आम्ही खूश. पण चार्जिंगला डोझ लागतच नाही, त्यामुळे ती चाचणी फुकट. मग चार्जर काढून फोन दोन तास कपाटावर पालथा ठेवला आणि बाबांना विहिरीवर पाठवून मेन स्विच पाडून वर करायला लावला. वाजलं.

बॅटरी जास्त दिवस टिकते अशी जाहिरात कंपनीने करायची, आणि ती कुणाच्या जिवावर टिकते हे चार पानं आत लपवायचं, याचा मला राग येतो. शिव्या खातो तो अ‍ॅप लिहिणारा. अ‍ॅप बंद करताना "याचे निरोप आता येणार नाहीत" एवढी एक ओळ दाखवायला काय जातं?

फोन अपडेट झाला की या सेटिंग्ज कधीकधी परत मूळपदावर जातात. म्हणून बाबांच्या कॅलेंडरवर मी पेनने लिहून आलोय : अपडेटनंतर मला फोन करा.