रिटर्न केलं तर कॅशबॅक, पॉइंट आणि कूपनचं नक्की काय होतं

"कूपनची मर्यादा गाठायला कार्टमध्ये काहीही टाका आणि नको ते नंतर रिटर्न करा. पैसे पूर्ण परत येतात, कॅशबॅक एकदा जमा झाला की आपलाच, आणि वापरलेले पॉइंट पण परत मिळतात. नुकसान शून्य."

हे फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी किती जणांनी रिटर्न केल्यावर हिशोब मांडून बघितलाय माहीत नाही, म्हणून एक ऑर्डर घेऊन तो इथेच मांडते. तीन वस्तू आहेत, 1500, 1000 आणि 500 च्या, म्हणजे एकूण 3000. कूपन असं की 2500 च्या वर 600 सूट. उरले 2400, त्यातले 300 पॉइंटने भरले (एक पॉइंट म्हणजे एक धरा) आणि 2100 कार्डने. कार्डवर किमान 2000 खर्चाला 10 टक्के कॅशबॅक, तो आला 210. आता 1000 वाली वस्तू परत करायची.

पैसे पूर्ण परत, हे पहिलं म्हणणं घ्या. त्या वस्तूचे तुम्ही 1000 दिलेलेच नाहीत. कूपनची सूट सहसा सगळ्या वस्तूंवर त्यांच्या किमतीच्या प्रमाणात वाटलेली असते, त्यामुळे हिच्या वाट्याला 200 सूट आली आणि रिफंड येणार 800. इथवर ठीक आहे, तेवढेच दिले होते. पण काही दुकानांच्या अटीत लिहिलेलं असतं की रिटर्ननंतर उरलेली ऑर्डर मर्यादेखाली गेली तर कूपनच रद्द. मग उरलेल्या दोन वस्तू पूर्ण 2000 ला धरल्या जातात आणि तुम्ही भरलेल्या 2400 मधून हातात येतात फक्त 400. त्याच रिटर्नला एकीकडे 800 आणि दुसरीकडे 400, आणि हा फरक फॉरवर्डमध्ये कुठेच नाही!

कॅशबॅकचं तर अजून फसवं आहे कारण तो लगेच जात नाही. रिफंड आधी येतो, आपण खूश होतो, आणि कॅशबॅकची वजावट पुढच्या स्टेटमेंटमध्ये वेगळी ओळ म्हणून येते, तोवर ती कुठल्या ऑर्डरची हे आठवतही नाही. आपल्या उदाहरणात 800 पैकी 700 कार्डवर परत आले आणि 100 पॉइंटमध्ये, म्हणजे कार्डचा खरा खर्च राहिला 1400. तो 2000 च्या खाली गेला, त्यामुळे एक-तृतीयांश नाही तर अख्खे 210 जाऊ शकतात. वॉलेटमधला कॅशबॅक खर्च करून टाकला असेल तरी सुटका नाही, काही ठिकाणी रिफंडमधूनच कापतात, काही ठिकाणी शिल्लक मायनसमध्ये जाते आणि पुढची कमाई आधी ते भरण्यात जाते.

पॉइंट परत मिळतात हे बऱ्याचदा खरं आहे, पण मूळ मुदतीसकट. मुदत मधल्या काळात संपली असेल तर आले काय न आले काय. आणि एकदाच चालणारं कूपन अर्ध्या रिटर्नला सहसा परत मिळत नाही.

मग नुकसान बघायचं कसं? रिफंड किती आला हे बघू नका, ठेवलेल्या वस्तू कितीला पडल्या ते बघा. एकूण दिलेलं (कार्ड अधिक पॉइंट), त्यातून परत आलेलं वजा, शेवटी हातात टिकलेला कॅशबॅक वजा. फॉरवर्डवर विश्वास ठेवणारा धरतो 2400 वजा 1000 वजा 210, म्हणजे 1190. प्रत्यक्षात कॅशबॅक गेल्यावर पडतात 1600, आणि कूपन रद्द झालं तर 2000. आता त्याच दोन वस्तू कूपन आणि पॉइंट न वापरता सरळ कार्डने घेतल्या असत्या तर 2000 वर 200 कॅशबॅक मिळून 1800 ला पडल्या असत्या आणि कूपन, पॉइंट दोन्ही शाबूत! म्हणजे पहिल्या प्रकारात 200 वाचले पण कूपन गेलं, दुसऱ्यात उलट 200 जास्त गेले. शून्य नुकसान हे दोन्हीत खरं नाही.

रिटर्न पक्कं करायच्या आधीच्या स्क्रीनवर रिफंडची फोड दिसत असेल तर तिचा स्क्रीनशॉट घ्या, पॉइंट आणि वॉलेटची शिल्लक पण टिपून ठेवा. बिलावर प्रत्येक वस्तूची सूट वजा जाऊन किंमत असेल तर ती रिफंडशी जुळवा. कमी आली तर समजा कूपनची अट लागली. कॅशबॅकसाठी मात्र पुढचं स्टेटमेंट येईपर्यंत थांबावंच लागतं.

आणि वस्तू खराब निघाली म्हणून परत करत असाल तर आधी रिफंड नाही, बदली वस्तू मागा. ऑर्डरची रक्कम तीच राहते, त्यामुळे कूपन आणि कॅशबॅकला सहसा हात लागत नाही. बदली नसेलच तर चॅटवर कूपन परत द्या असं स्पष्ट लिहून मागा, कारण चूक त्यांची आहे आणि न मागता ते आपणहून क्वचितच देतात.